एकशे वीस तिकिटं गेली कुठे?

समजा, दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आहे. तिच्या सपोर्ट टीममध्ये 8 जण काम करतात. एखाद्या दुकानदाराचं बिल छापलं जात नाही, कुणाचा जीएसटीचा आकडा चुकतो, कुणी पासवर्ड विसरतो. तो फोन करतो किंवा ईमेल पाठवतो आणि त्याच्या तक्रारीला एक नंबर पडतो. अशा नंबर पडलेल्या तक्रारीला या धंद्यात तिकीट म्हणतात. प्रश्न सुटला की तिकीट क्लोज होतं.

महिनाअखेरीला टीम लीड अहवाल मांडतो. त्यात तीन आकडे ठळक असतात. रोज सरासरी 40 तिकिटं क्लोज होतात. एक तिकीट क्लोज व्हायला सरासरी 2 दिवस लागतात. आज उघडी असलेली तिकिटं 200 आहेत. पहिल्या दोन आकड्यांवर बैठक खूश होते. तिसरा जरा मोठा वाटतो, पण ग्राहक वाढताहेत, चालायचंच, असं म्हणून पुढचा विषय निघतो.

काम सुरळीत चालू असलेल्या कुठल्याही टीममध्ये हे तीन आकडे एका वेळी खरे असू शकत नाहीत. रोज 40 तिकिटं बाहेर पडत असतील आणि प्रत्येक तिकीट सरासरी 2 दिवस आत राहत असेल, तर आत 40 गुणिले 2, म्हणजे 80 तिकिटं असायला हवीत. अहवाल 200 सांगतो. मग मधली 120 तिकिटं कुठली? एकही तिकीट उघडून न बघता हा प्रश्न विचारता येतो. तो विचारण्याची सोय ज्या नियमानं करून दिली, त्याचं नाव लिटलचा नियम.

नियम एका ओळीचा आहे. आत असलेलं काम म्हणजे कामाच्या जाण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. कारखान्यात आणि सॉफ्टवेअरवाल्यांत या तिघांना वर्क इन प्रोग्रेस, थ्रूपुट आणि सायकल टाइम म्हणतात. गणिताच्या पुस्तकात हाच नियम L = λW असा लिहितात. आपल्या टीमपुरतं बोलायचं तर L म्हणजे उघडी तिकिटं, λ म्हणजे रोज येणारी तिकिटं आणि W म्हणजे एक तिकीट उघडं राहण्याचे सरासरी दिवस. गाडी रुळावर असेल तर जितकी तिकिटं येतात तितकीच जातात, त्यामुळे येण्याचा वेग घेतला काय आणि जाण्याचा घेतला काय, उत्तर एकच येतं. रुळावर नसेल, तर इथेच पहिली गडबड होते. तिच्याकडे येऊच.

हा नियम खरा का आहे, हे चौकटीच्या कागदावर पाच मिनिटांत बघता येतं. ते एकदा बघून घ्यावं, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. सोमवार ते गुरुवार असे चार दिवस घ्या. सोमवारी सकाळी एकही तिकीट उघडं नाही. दिवसभरात तीन तिकिटं आली. पहिलं त्याच दिवशी क्लोज झालं, दुसरं बुधवारपर्यंत रेंगाळलं, तिसरं मंगळवारी सुटलं. मंगळवारी आणखी दोन आली. त्यांतलं एक गुरुवारी आणि दुसरं बुधवारी संपलं. बुधवारी नवं काही आलं नाही. गुरुवारी एक आलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं. गुरुवारी रात्री पाटी पुन्हा कोरी.

आता प्रत्येक तिकिटाला एक आडवी ओळ द्या आणि ते ज्या ज्या दिवशी उघडं होतं, त्या दिवसाचा चौकोन काळा करा. ओळीओळीनं मोजलं तर 1, 3, 2, 3, 2 आणि 1, असे एकूण 12 काळे चौकोन होतात. तिकिटं सहा, म्हणजे एक तिकीट सरासरी 2 दिवस उघडं राहिलं. आता तेच चौकोन उभे, दिवसादिवसानं मोजा. सोमवारी 3, मंगळवारी 4, बुधवारी 3, गुरुवारी 2. पुन्हा 12. दिवस चार, म्हणजे कुठल्याही दिवशी सरासरी 3 तिकिटं उघडी होती. चार दिवसांत सहा तिकिटं आली, म्हणजे दिवसाला दीड. दीड गुणिले दोन बरोबर तीन.

नियम एवढाच. एकाच काळ्या डागाचं क्षेत्रफळ एकदा आडवं मोजलं आणि एकदा उभं. तिकिटं कशी आली, एकदम आली की तुरळक, कुठलं आधी हाती घेतलं, कुणाला किती वेळ लागला, यातलं काहीही विचारावं लागलं नाही. रांगांच्या गणितात हे दुर्मीळ आहे. त्या शास्त्रातली बहुतेक सूत्रं आधी अटी घालतात, की येणारे अमुक पद्धतीनं यावेत आणि कामाला लागणारा वेळ तमुक पद्धतीनं बदलावा. हा नियम तसली कुठलीच चौकशी करत नाही.

जॉन लिटल हे अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्यार्थी. 1955 साली त्यांनी फिलिप मोर्स यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि मग क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. हे सूत्र तेव्हा लोक वापरत होतेच. मोर्स यांनी 1958 च्या आपल्या पुस्तकात त्याची चर्चाही केली होती, पण सर्व परिस्थितींना लागू पडेल अशी सिद्धता कुणी दिलेली नव्हती. वर्गात हा विषय शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, की अशी सिद्धता देणं कितपत अवघड असेल? फार अवघड नसावं, असं लिटल म्हणाले. मग तुम्हीच द्या, असं विद्यार्थ्यानं सुचवलं. लिटल यांनी ते मनावर घेतलं आणि 1961 साली पाच पानांचा निबंध छापला. तो वाचायला मात्र आपल्या चौकटीच्या कागदाइतका सोपा नाही. आपण सोयीसाठी सोमवारी कोरी पाटी घेतली आणि गुरुवारी कोरी केली. कधीच बंद न होणाऱ्या, सुरुवात आणि शेवट नसलेल्या रांगेचं काय, हे त्यांना सोडवायचं होतं. नंतर सोप्या सिद्धता आल्या. शेलर स्टिडहॅम यांनी 1974 मध्ये दिलेल्या सिद्धतेचं शीर्षकच ‘शेवटचा शब्द’ अशा अर्थाचं होतं. त्यानंतरही लोक लिहीत राहिले, ही गोष्ट वेगळी. लिटल पुढे एमआयटीला परतले, मार्केटिंगच्या गणितात मोठं नाव केलं आणि 2024 साली वयाच्या 96 व्या वर्षी वारले.

आता आपल्या 120 तिकिटांकडे वळू. कोऱ्या पाटीच्या अटीत त्यांचा माग लपलेला आहे. सुरुवातीला आणि शेवटी पाटी कोरी नसेल, तर कागदाच्या दोन्ही कडांना काही ओळी अर्धवट कापल्या जातात. तिकिटं दोन-चार दिवसांत संपत असतील आणि आपण तीन महिन्यांचा कागद घेतला असेल, तर कडेचे हे तुकडे नगण्य ठरतात. पण काही तिकिटं आत येऊन संपतच नसतील, तर उजव्या कडेला न संपलेल्या ओळींचा गठ्ठा वाढत जातो. उभं मोजताना या ओळी रोज मोजल्या जातात. आडवं मोजताना मात्र अहवाल फक्त क्लोज झालेल्या तिकिटांचे दिवस मोजतो, त्यामुळे त्या ओळी त्यात येतच नाहीत. ताळा जमत नाही तो म्हणूनच. नियम मोडलेला नसतो. दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांची मोजणी झालेली असते.

आपल्या टीममध्ये नेमकं काय घडलं असेल? रोज 40 नव्हे, तर 42 तिकिटं येत होती. अहवालात क्लोज झालेल्यांचा आकडा होता, येणाऱ्यांचा नव्हता. रोजच्या आकड्यात दोनाचा फरक कुणाच्या डोळ्यात भरत नाही, कारण एखाद्या दिवशी 35 येतात, एखाद्या दिवशी 50. पण 60 कामाच्या दिवसांत, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, 2520 तिकिटं आली आणि 2400 गेली. फरक बरोबर 120. सुरुवातीला 80 उघडी होती, आता 200 झाली.

बाजूला पडली ती तिकिटं कुठली, हे सपोर्टमध्ये महिनाभर काढलेला माणूससुद्धा सांगेल. पासवर्डचं तिकीट दहा मिनिटांत उडतं. जुन्या डेटाबेसमधून आणलेल्या मालाच्या साठ्याचा हिशोब जुळत नाही, या तिकिटाला अर्धा दिवस लागतो आणि शेवटी डेव्हलपरच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. संध्याकाळी प्रत्येकाची क्लोज केलेली तिकिटं मोजली जाणार असतील, तर शहाणा माणूस कुठलं तिकीट आधी उचलेल? यात आळस नाही. मोजमापच त्याला तसं शिकवतं. रोज दोन अवघड तिकिटं खाली सरकतात, उरलेली 40 झटपट सुटतात आणि सरासरी 2 दिवसांवर स्थिर राहते. अहवाल खोटं बोलत नाही. तो फक्त सुटलेल्यांची गोष्ट सांगतो.

याहून वाईट भाग पुढे आहे. समजा टीम लीडला उपरती झाली आणि त्यानं रोज दोन जुनी तिकिटं सोडवायचीच असं ठरवलं. पहिल्याच दिवशी 38 तिकिटं 2 दिवसांत सुटलेली आणि 2 तिकिटं 60 दिवस पडून असलेली, अशी मिळून 40 क्लोज झाली. 76 अधिक 120, म्हणजे 196 दिवस. भागिले 40, बरोबर 4.9. काल 2 दिवस दाखवणारा अहवाल आज जवळपास 5 दिवस दाखवेल. टीमनं योग्य काम सुरू केलं त्याच दिवशी कागदावर ती नापास होते. साहेब विचारतात, अचानक काय बिघडलं? पुढच्या आठवड्यात जुनी तिकिटं पुन्हा तळाशी जातात. लिटलचा नियम माहीत असलेला साहेब असं विचारणार नाही. 200 भागिले 40 बरोबर 5, हे त्याला तीन महिने आधीच्या आकड्यांवरून नसलं, तरी त्या दिवशीच्या आकड्यांवरून कळलं असतं. साठलेल्या कामाचं दडवलेलं वय तेवढं आता बाहेर आलं.

आता गठ्ठा नसलेली चांगली स्थिती घेऊ. 80 तिकिटं उघडी आहेत, रोज 40 येतात, 40 जातात, 2 दिवस लागतात. यातला किती वेळ कुणीतरी तिकिटावर खरोखर काम करत असतं? 8 माणसं, प्रत्येकी 7 तास, म्हणजे दिवसाला 56 तास. त्यात 40 तिकिटं सुटतात, म्हणजे एकाला सरासरी 1.4 तास. हेच उत्तर नियम दुसऱ्या वाटेनं देतो. कुठल्याही क्षणी 8 तिकिटं माणसांच्या हातात आहेत. 8 भागिले 40 म्हणजे 0.2 दिवस, 7 तासांच्या दिवसात ते 1.4 तासच होतात. उरलेली 72 तिकिटं फक्त वाट बघत असतात आणि त्यांचा वाट बघण्याचा काळ 72 भागिले 40, म्हणजे 1.8 दिवस. दुकानदार दोन दिवस थांबतो, त्यातला नऊ दशांश काळ त्याच्या तिकिटाला कुणी हात लावलेला नसतो.

नियमाची ही खुबी मला सगळ्यात कामाची वाटते. रेघ कुठेही आखा, तो लागू होतो. पूर्ण टीमभोवती आखा, एका माणसाभोवती आखा किंवा ‘डेव्हलपरकडे पाठवलेली’ एवढ्याच खान्याभोवती आखा. आणि वाट बघणं इतकं जास्त असल्यामुळे हात जरा भरभर चालवा ही आज्ञा वाटते तितकी उपयोगी पडत नाही. प्रत्येकानं दहा टक्के वेगानं काम केलं, तर एका तिकिटामागे साधारण आठ मिनिटं वाचतात, तीही कामाच्या 14 तासांच्या प्रतीक्षेतून. वेगाचा खरा फायदा त्या आठ मिनिटांत नाही. येणाऱ्यांपेक्षा रोज चार तिकिटं जास्त क्लोज होऊ लागली, तर रांग उतरायला लागते, फायदा तिथे आहे.

पण जिथे सोय असते तिथे पळवाटही असते. रेघ कुठेही आखता येते, म्हणून ती सोयीच्या जागीही आखली जाते. कॅनबान नावाची पद्धत आता बऱ्याच कंपन्यांत आहे. फळ्यावर ‘नवीन’, ‘काम चालू’, ‘झालं’ असे खाने असतात आणि ‘काम चालू’ या खान्यात अमुकपेक्षा जास्त तिकिटं घ्यायची नाहीत, अशी मर्यादा असते. समजा, माणशी तीन, म्हणजे एकूण 24 अशी मर्यादा घातली. 24 भागिले 40 बरोबर 0.6 दिवस. सायकल टाइम दोन दिवसांवरून थेट 0.6 दिवसांवर आला, म्हणून टाळ्या पडतात. फळ्याच्या डाव्या टोकाला बघा. ‘नवीन’ खान्यात 56 तिकिटं उभी आहेत आणि ती तिथे 1.4 दिवस थांबतात. दुकानदाराचे दोन दिवस जिथल्या तिथे आहेत. त्याच्या घड्याळात ‘नवीन’ आणि ‘काम चालू’ असे खाने नसतात.

मर्यादा घालणं निरुपयोगी आहे असं नाही. दहा तिकिटं अर्धवट उघडून बसलेला माणूस प्रत्येक वेळी आधीचं वाचून काढण्यात वेळ घालवतो. तीनच हातात असली की तो वेळ वाचतो आणि दिवसाकाठी क्लोज होणारी तिकिटं खरोखर वाढू शकतात. पण तो फायदा मर्यादेमुळे वाढलेल्या थ्रूपुटचा असतो. उघडं काम कमी केलं की वेळ आपोआप कमी होतो, असं सांगणारे प्रशिक्षक नियमाचा अर्धाच भाग सांगतात. काम कमी करताना थ्रूपुटही घसरला, तर वेळ जिथे होता तिथेच राहतो. 80 ची 40 तिकिटं केली आणि थ्रूपुट 40 चा 20 झाला, तर उत्तर पुन्हा 2 दिवसच. तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत एवढंच नियम सांगतो. कुठला ओढल्यानं कुठला हलेल, हे तो सांगत नाही. ते टीमकडे बघूनच कळतं.

रेघ सरकवण्याची दुसरी जागा म्हणजे ‘ग्राहकाच्या उत्तराची वाट’ हा खाना. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिकीट तिथे टाकलं की घड्याळ थांबतं. ग्राहकानं स्क्रीनशॉट पाठवायचा राहिला असेल, तर ते रास्तच आहे. पण शुक्रवारी दुपारी ‘कृपया अधिक माहिती द्यावी’ अशी एक ओळ टाकून 15 तिकिटं त्या खान्यात सरकताना दिसली, तर त्या खान्याभोवती रेघ आखून भागाकार करावा. तिथली संख्या आणि तिथून रोज बाहेर पडणारी तिकिटं मोजली, की तिथला मुक्काम किती दिवसांचा आहे ते लगेच दिसतं.

मग 200 ची 80 कशी करायची? आपल्या टीमला समजा असं आढळलं, की रोजच्या 42 पैकी 6 तिकिटं एकाच कारणाची आहेत. नव्या आवृत्तीत बिलाचा साचा बिघडलाय आणि प्रत्येक दुकानदाराला तो हातानं दुरुस्त करून द्यावा लागतो. डेव्हलपरनं तो दोष मुळातच काढला की रोज 36 येतील. 40 क्लोज होत राहिली, तर रोज 4 तिकिटांनी गठ्ठा उतरतो आणि 120 उतरायला 30 कामाचे दिवस, म्हणजे सहा आठवडे लागतात. या सहा आठवड्यांत नियमानं रोजचा हिशोब करू नये, कारण येणं आणि जाणं सारखं नाही आणि वर दाखवल्याप्रमाणे क्लोज झालेल्यांची सरासरी उगाच भडकलेली दिसेल. गठ्ठा उतरला की 80 भागिले 36, म्हणजे 2.2 दिवस. त्यानंतर टीम रोज 40 क्लोज करू शकली, तरी आकडा 36 चाच दिसेल, कारण न आलेलं तिकीट क्लोज करता येत नाही. थ्रूपुट घसरला म्हणून त्यांना कुणी बोल लावू नये.

आणखी एक गफलत अगदी साधी आहे. थ्रूपुट आठवड्याचा घ्यायचा आणि उत्तर दिवसांत वाचायचं. 200 उघडी, आठवड्याला 200 क्लोज, उत्तर 1. तो एक आठवडा आहे, एक दिवस नव्हे. पाच कामाचे दिवस की सात कॅलेंडरचे, हेही आधी ठरवून घ्यावं लागतं. दुकानदार रविवारी दुकान उघडं ठेवतो, हे लक्षात घेतलेलं बरं.

सरासरी 2 दिवस निघाली म्हणून ग्राहकाला 2 दिवसांचं वचन देऊ नये. नियम फक्त सरासरीबद्दल बोलतो. रोज सगळ्यात जुनं तिकीट आधी घेतलं किंवा सगळ्यात नवं आधी घेतलं, आणि काम तितकंच राहिलं, तर सरासरी सारखीच येईल. पण नवं आधी घेणाऱ्या टीममध्ये काही तिकिटं तासाभरात सुटतील आणि काही महिनाभर कुजतील. नियमाच्या लेखी दोन्ही टीम सारख्या असतात, दुकानदाराच्या लेखी नसतात. वचन द्यायचं असेल तर शंभरातली 95 तिकिटं किती दिवसांत सुटली, हा आकडा वेगळा काढावा लागतो.

तुमच्यासमोर असा अहवाल येत असेल, तर त्या तीन आकड्यांसोबत आणखी दोन मागून घ्या. एक, रोज किती तिकिटं आली. दुसरा, आज उघड्या असलेल्या तिकिटांचं सरासरी वय किती आहे आणि ते गेल्या महिन्यात किती होतं. हे वय महिन्यागणिक वाढत असेल, तर क्लोज झालेल्या तिकिटांची सरासरी कितीही देखणी असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका.